एमसीव्ही नॉर्मल असला तरी रक्तात दोन उणिवा असू शकतात

रक्ततपासणीत लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजेच एमसीव्ही, नॉर्मल आला की लोह आणि बी-१२ ही दोन्ही पुरेशी आहेत, असे अनेक जण मानतात. शाकाहारी रुग्णाच्या बाबतीत हा समज बराच घातक ठरू शकतो.

निपाणीजवळच्या खेड्यातील ४६ वर्षांच्या, जन्मापासून शाकाहारी असलेल्या एका जैन महिलेचे उदाहरण घेऊ. तिला थकवा आहे, तळपायांना मुंग्या येतात, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, आणि मधुमेहासाठी ती काही वर्षे मेटफॉर्मिन घेते, ज्याने बी-१२ कमी होऊ शकते. तिचे हिमोग्लोबिन ९.४ आहे, पण एमसीव्ही ८६, म्हणजे ८० ते १०० या मर्यादेत आहे.

लाल पेशी तयार होताना एकीकडे तिचे विभाजन होत असते आणि दुसरीकडे तिच्यात हिमोग्लोबिन भरत असते. बी-१२ कमी पडले की डीएनए बनण्याचे काम रेंगाळते, विभाजन लांबते आणि पेशी मोठ्या राहतात. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन सावकाश भरते, पेशीचे विभाजन जास्त वेळा होते आणि ती लहान निपजते. दोन्ही उणिवा एकत्र आल्या की काही पेशी मोठ्या, काही लहान असतात आणि सरासरी मात्र निर्दोष दिसते. म्हणून आकारातील विषमता सांगणारा आरडीडब्ल्यू पाहावा. या महिलेचा तो १९ आहे, म्हणजे स्पष्टपणे वाढलेला. रक्ताच्या काचपट्टीवर पाचांहून अधिक खंडांचे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या, तर बी-१२ किंवा फोलेटच्या उणिवेचा संशय बळावतो.

पुढे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि बी-१२ तपासावे, पण तपासणीचे रक्त बी-१२चे इंजेक्शन देण्यापूर्वीच घ्यावे, कारण नंतरच्या आकड्यावरून मूळ उणीव कळत नाही. फेरिटिन ११ आले तर लोहाची उणीव निश्चित. मात्र अंगात दाह असेल तर फेरिटिन उगाच वाढलेले दिसते. रक्तस्रावाचे कारणही शोधावे, सगळे शाकाहारावर ढकलू नये.

स्पिरुलिनाच्या गोळ्यांनी बी-१२ भरून निघते, ही जाहिरात खोटी आहे. त्यातील बी-१२सारखा बहुतांश घटक माणसाच्या शरीरात निष्क्रिय असतो.

मुंग्या येत असल्याने बी-१२ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने आधी सुरू करावीत. नुसत्या फोलिक आम्लाने रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. सरकारी लोहगोळीतही फोलिक आम्ल असते, म्हणून बी-१२ न देता ती एकटी देऊ नये.

सीमाभागातील रुग्ण पुढच्या उपचारासाठी बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेला जातो, तेव्हा मागे काय ठरले हे त्याच्या हातातील कागदावरच असते. त्यावर असे लिहावे: “शाकाहारी, दूध रोज एक कप, मेटफॉर्मिन चालू. रक्त इंजेक्शनपूर्वी घेतले. बी-१२ इंजेक्शने सुरू. नंतर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी, मेटफॉर्मिन असेपर्यंत. ६० मिलिग्रॅम लोह रोज एकदा, चहापासून किमान एक तास दूर. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर आणखी तीन महिने. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासणे; वाढले नाही तर गोळी घेतली का ते विचारणे आणि रक्तस्राव पुन्हा तपासणे. मुंग्या वाढल्या तर लगेच येणे.”