फोटोंवरून ड्रायव्हिंग शिकणारी छोटी गाडी

रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीएवढी गाडी, पुढची चाकं सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरने वळणारी, वर एक छोटा कॉम्प्युटर आणि एक कॅमेरा. आधी माणूस जॉयस्टिकने ती ट्रॅकवर फिरवतो, गाडी तेवढ्यात फोटो काढत राहते आणि प्रत्येक फोटोसोबत त्या क्षणी स्टिअरिंग किती वळवलेलं होतं आणि थ्रॉटल, म्हणजे मोटरला दिलेला जोर, किती होता ते लिहून ठेवते. मग या जोड्यांवर न्यूरल नेटवर्क ट्रेन करायचं आणि पुढच्या फेऱ्या गाडीने स्वतः मारायच्या. याला नकलेतून शिकणं म्हणा, ट्रॅकचा नकाशा नाही, रेषा शोधायचा कोड नाही, फोटो आत आणि स्टिअरिंगचा आकडा बाहेर, बस.

कल्पना जुनी आहे. कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत डीन पोमरलो यांनी 1989 मध्ये ॲल्विन नावाच्या नेटवर्कबद्दल पेपर लिहिला, त्यातलं कॅमेऱ्याचं चित्र फक्त 30 बाय 32 ठिपक्यांचं होतं आणि तेवढ्यावर अख्खी व्हॅन रस्त्यावर चालली. 2016 मध्ये एनव्हिडियाने खऱ्या कारवर तेच मोठ्या नेटवर्कने करून दाखवलं. त्याच सुमारास डाँकी कार हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आला आणि हे सगळं रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, हौशी माणसाच्या बजेटमध्ये आलं. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात कोणी हे करायचं ठरवलं तर बहुतेक याच वाटेने जाईल, म्हणून पुढचं उदाहरण त्यावरच.

समजा जळगावातल्या एखाद्या कॉलेजचा हॉल आहे, खाली शहाबादी फरशी, तिच्यावर पांढऱ्या मास्किंग टेपने लंबगोल ट्रॅक. दोन सरळ बाजू 3-3 मीटरच्या आणि दोन्ही टोकांना दीड मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, म्हणजे एक फेरी साधारण 15 मीटरची झाली. गाडी सेकंदाला 1.2 मीटर चालवली तर फेरीला 13 सेकंद लागतात आणि सेकंदाला 20 फोटो या हिशोबाने एका फेरीत 260 च्या आसपास फोटो जमतात. 20 फेऱ्या मारल्या की पाच हजार, सुरुवातीला एवढे पुरतात. फोटो 160 बाय 120 चा छोटाच असतो आणि त्याच्यासोबतची नोंद अशी दिसते:

```
{"cam/image_array": "412_cam_image_array_.jpg",
 "user/angle": -0.27, "user/throttle": 0.31, "user/mode": "user"}
```

इथे -1 म्हणजे पूर्ण डावीकडे, +1 म्हणजे पूर्ण उजवीकडे. हा -0.27 कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. ही गाडी कारसारखी वळते, रणगाड्यासारखी जागच्या जागी गिरकी घेत नाही, म्हणून वळणाची त्रिज्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणि चाकाचा कोन यावरच ठरते. अंतर 17 सेंटिमीटर आणि त्रिज्या दीड मीटर असेल तर चाकं साडेसहा अंशच वळवावी लागतात, आणि पूर्ण वळण 25 अंशांचं असेल तर साडेसहा म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे गोलावर जॉयस्टिक जरा बाजूला करून तशीच धरली पाहिजे. प्रत्यक्षात नवीन माणूस काय करतो, तर टकटक पूर्ण डावीकडे मारतो, सोडतो, परत मारतो. गाडी गोल फिरते खरी, पण नोंदीत एकाच वळणाच्या जवळजवळ एकसारख्या फोटोंना एकदा -1 आणि एकदा 0 लागलेलं असतं आणि नेटवर्कला दोन्हींची सरासरी काढण्यापलीकडे काही उरत नाही. सरासरी चालते कधीकधी, पण गाडी लटपटते. म्हणून कीबोर्डपेक्षा अ‍ॅनालॉग जॉयस्टिक घ्यावी. सर्व्हो आधी नीट कॅलिब्रेट करावा, म्हणजे 0 दिलं की गाडी खरंच सरळ गेली पाहिजे.

कमांड चारच लागतात, गाडी बनवा, चालवून डेटा घ्या, ट्रेन करा, ट्रेन झालेलं नेटवर्क म्हणजे मॉडेल लावून चालवा:

```
donkey createcar --path ~/mycar && cd ~/mycar
python manage.py drive
donkey train --tub ./data --model ./models/pilot.h5
python manage.py drive --model ./models/pilot.h5
```

ट्रेनिंग रास्पबेरी पायवर करू नये, रडतखडत चालतं, डेटा लॅपटॉपवर घ्यावा आणि मॉडेल परत गाडीवर टाकावं. पहिल्यांदा मॉडेल लावताना फक्त स्टिअरिंग त्याच्याकडे द्यायचं आणि थ्रॉटल आपल्या हातात ठेवायचा मोड असतो, `local_angle`, तोच वापरावा, नाहीतर गाडी थेट भिंतीत.

आता मुख्य गोष्ट. डेटा नीट घेतला, ट्रेनिंगचा एरर मस्त खाली आला, आणि तरी गाडी दुसऱ्याच वळणावर टेप ओलांडून बाहेर गेली, हे एवढ्यांदा होतं की याला नियमच म्हणावं. कारण असं की चांगल्या ड्रायव्हरची गाडी कायम मधोमध असते, त्यामुळे पाचही हजार फोटो मधोमधचे. मॉडेलची चूक आधी छोटीच असते, पण त्या चुकीने गाडी चार बोटं बाजूला सरकते आणि आता कॅमेऱ्यात जे दिसतं तसं चित्र डेटामध्ये कुठेच नाही, मग पुढचा अंदाज आणखी चुकतो, गाडी आणखी सरकते, आणि दोन सेकंदांत खेळ खल्लास. जितका सफाईदार ड्रायव्हर तितका हा डेटा अपुरा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही पण आहे तसंच.

यावर इलाज म्हणजे परत आत येणं दाखवणं. रेकॉर्डिंग बंद करायचं, गाडी मुद्दाम टेपच्या कडेला न्यायची, तिथे रेकॉर्डिंग चालू करून तिला मध्यावर आणायचं, मग परत बंद. डाव्या कडेवरून, उजव्या कडेवरून, सरळ बाजूवर, वळणात, सगळीकडे. कडेला जातानाचा भाग चुकूनही डेटात राहायला नको, नाहीतर मॉडेल तेही इमानदारीने शिकतं. राहिलाच तर `donkey tubclean` वापरून तेवढे फोटो उडवता येतात. पोमरलोंनी हाच प्रश्न फोटोच कृत्रिमपणे सरकवून-फिरवून आणि त्याला योग्य स्टिअरिंग जोडून सोडवला होता, एनव्हिडियाने गाडीवर डावीकडे-उजवीकडे जास्तीचे कॅमेरे लावले. 2011 मध्ये रॉस, गॉर्डन आणि बॅग्नेल यांनी डॅगर नावाची पद्धत मांडली, तिच्यात मॉडेलला चालवू द्यायचं, ते जिथे जिथे जातं तिथे माणसाने काय केलं असतं ते लिहायचं, डेटात घालायचं आणि परत ट्रेन करायचं. हॉलमध्ये याचं सोपं रूप म्हणजे गाडी जिथे बाहेर जाते तिथलेच आणखी दोन-चार मिनिटं रेकॉर्ड करणं, आणि माझ्या मते नवीन नेटवर्क शोधत बसण्यापेक्षा यातूनच जास्त मिळतं.

एरर खाली येऊनही गाडी का फसवते याला दुसरं कारण पण आहे. सेकंदाला 20 फोटो म्हणजे दोन फोटोंमध्ये गाडी फक्त 6 सेंटिमीटर पुढे गेलेली असते, शेजारचे फोटो जवळपास जुळे. ते पिसून काही ट्रेनिंगला आणि काही तपासणीला ठेवले तर तपासणीत मॉडेलला जवळपास पाहिलेलंच पुन्हा दिसतं आणि मार्क छान पडतात. त्यापेक्षा शेवटच्या तीन-चार फेऱ्या अख्ख्या बाजूला काढाव्यात. आणि सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने मारल्या असतील तर मॉडेल सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढतं, म्हणून उलट्या दिशेनेही चालवावं किंवा फोटो आरशासारखे उलटे करून आकड्याचं चिन्ह बदलावं.

एक गोष्ट लोक विसरतात, ड्रायव्हर उभा कुठे आहे. हॉलच्या मध्ये उभ्या माणसाला पुढचं वळण आधीच दिसतं, गाडीच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. माणूस कॅमेऱ्यात वळण यायच्या आधीच स्टिअरिंग फिरवायला लागला तर त्या फोटोत त्या निर्णयाचं कारणच नसतं, मग मॉडेल शिकणार कशावरून? फोनवर कॅमेऱ्याचं चित्र बघत चालवलं तर हे कळतं. कॅमेरा फार खाली झुकलेला असेल तर थोडा वर करावा, पण फार नाही, कारण वर केला की खिडक्या, कूलर आणि बघायला जमलेली पोरं आत येतात. मॉडेल खरंच ‘निळा कूलर दिसला की वळ’ असं शिकू शकतं, आणि दुपारी कोणी कूलर हलवला की गाडी येडी होते. म्हणून फोटोचा वरचा साधारण तिसरा हिस्सा कापून टाकतात, डेटा घेतानाचे फोटो पूर्णच ठेवावेत पण ट्रेनिंग आणि चालवणं दोन्हीत काप तेवढाच हवा.

खान्देशात ऊन हा वेगळा विषय. सकाळी डेटा घेतला आणि दुपारी चारला चालवायला घेतली तर खिडकीच्या गजांमधून आलेले उन्हाचे पट्टे फरशीवर पडलेले असतात, त्यांची कड टेपसारखीच पांढरी आणि सरळ, गाडी ट्रॅक सोडून त्या पट्ट्याच्या मागे दाराकडे निघते. फरशीच्या सिमेंटने भरलेल्या फटी फिक्या असतील तर त्यांचाही हाच त्रास. पडदे लावा, नाहीतर वेगवेगळ्या वेळेचा डेटा घ्या. मे महिन्यात 44-45 डिग्रीला रास्पबेरी पाय तापतो आणि 80 डिग्रीच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो, मग सेकंदाला 20 निर्णय होत नाहीत, 10-12 होतात, गाडी प्रत्येक वळणाला उशिरा वळते आणि लोक मॉडेलला शिव्या घालतात. `vcgencmd measure_temp` करून बघावं, छोटा पंखा लावला की भागतं. बॅटरीचं पण असंच, थ्रॉटल 0.31 म्हणजे वेग नाही, मोटरला दिलेला हुकूम फक्त, फुल चार्जवर गाडी पळते आणि उतरत्या बॅटरीवर रांगते.

ही गाडी त्या ट्रॅकवर, तशा उजेडात फेऱ्या मारते, दुसऱ्या हॉलमध्ये नेली की डेटा नव्याने घ्या. रस्त्यात अडथळा ठेवला तर अजून एक मजा होते. मधोमध ट्रॅफिकचा शंकू ठेवून ड्रायव्हर कधी डावीकडून आणि कधी उजवीकडून गेला तर सरासरी काढणाऱ्या मॉडेलच्या लेखी उत्तर 0, म्हणजे सरळ, म्हणजे शंकूत. अशा वेळी स्टिअरिंगचा एक आकडा न विचारता 15 कप्पे करून कोणता कप्पा जास्त शक्य आहे ते विचारणारं मॉडेल वापरतात, ते डावा किंवा उजवा यातला एकच निवडतं. किंवा सोपं म्हणजे ड्रायव्हरने दरवेळी एकाच बाजूने जावं.