चूकदुरुस्ती (वृत्तपत्रीय)

चूकदुरुस्ती म्हणजे आधी छापलेल्या मजकुरातील तथ्याची चूक मान्य करून बरोबर माहिती देणारे, वृत्तपत्राने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलेले छोटे निवेदन. मराठी वृत्तपत्रांत ते ‘दुरुस्ती’, ‘शुद्धिपत्र’ किंवा ‘खुलासा’ अशा मथळ्यांखाली येते. यांपैकी ‘खुलासा’ हा मथळा सरळ चुकीसाठी टाळणे इष्ट, कारण बातमीत ज्याचा उल्लेख आला त्याने पाठवलेले म्हणणेही याच मथळ्याखाली छापले जाते आणि वाचकाला वृत्तपत्र फक्त दुसरी बाजू देत आहे असे वाटते. तथ्याची चूक लक्षात येताच वृत्तपत्राने स्वतःहून, तत्परतेने आणि ठळकपणे दुरुस्ती छापावी व चूक गंभीर असेल तर दिलगिरीही व्यक्त करावी, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेची आचारतत्त्वे सांगतात. निवेदनाची भाषा कशी असावी हे मात्र प्रत्येक संपादकीय विभागाला स्वतः ठरवावे लागते, आणि बहुतेक दुरुस्त्या तिथेच फसतात.

उदाहरणादाखल एक काल्पनिक चूक घेता येईल. पावसाळ्यात कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचे दोन्ही संच चालू केले, की त्यातून २,१०० क्युसेक पाणी नदीत येते. बातमीत हा आकडा २१,००० असा छापला गेला आणि दोन दिवसांनी पुढील निवेदन आले: “कोयना धरणातील विसर्गाबाबत प्रसिद्ध झालेल्या वृत्तात अनवधानाने आकडेवारीत तफावत राहून गेली. सदर वृत्त उपलब्ध माहितीच्या आधारे देण्यात आले होते. यामुळे कोणाचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत.”

हे निवेदन वाचूनही पाणी किती सोडले होते ते कळत नाही. ‘तफावत राहून गेली’ या रचनेत चूक करणारा कोणीच उरत नाही. ‘उपलब्ध माहितीच्या आधारे’ म्हटल्याने ठपका आकडा देणाऱ्या कार्यालयावर सरकतो. आणि ‘गैरसमज झाला असल्यास’ या शब्दांनी चूक वाचकाच्या समजुतीत जाऊन बसते. वाचकाने तर छापलेलेच वाचले होते. २१,००० क्युसेकचा अर्थ धरणाचे वक्र दरवाजे उचलले असा होतो, आणि कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठच्या शेतकऱ्याने हा आकडा वाचून मोटारी काढल्या किंवा जनावरे हलवली, तर ते वागणे अगदी योग्यच म्हणावे लागेल. (हीच विसंगती उपसंपादकालाही सावध करू शकली असती, कारण पायथा वीजगृहातून एवढे पाणी येऊच शकत नाही.)

तेच निवेदन पुन्हा लिहिले तर असे होते: “१२ ऑगस्टच्या सातारा आवृत्तीत पान १ वरील ‘कोयनेतून विसर्ग सुरू’ या बातमीत आम्ही धरणाच्या पायथा वीजगृहातून २१,००० क्युसेक पाणी सोडल्याचे छापले. प्रत्यक्षात २,१०० क्युसेक पाणी सोडण्यात आले होते. जलसंपदा विभागाच्या पत्रकातील आकडा बरोबर होता. बातमीत तो लिहिताना आमच्याकडून एक शून्य जास्त पडले. या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” तारीख, पान आणि मथळा दिल्यामुळे वाचकाला मूळ बातमी सापडते, चुकीचा आणि बरोबर आकडा शेजारी येतात, आणि ‘आम्ही छापले’ या कर्तरी रचनेमुळे जबाबदारी कोणाची हे वेगळे सांगावे लागत नाही. पत्रक बरोबर होते हे वाक्य विशेष महत्त्वाचे, कारण तेवढ्यानेच विभागावरचा संशय दूर होतो. चुकीचे कारण खात्रीने माहीत असेल तरच आणि एका वाक्यात द्यावे. वार्ताहराचे नाव काढणे किंवा सगळा दोष मुद्राराक्षसावर टाकणे, दोन्ही अनुचित.

चुकीचा मजकूर पुन्हा छापावा की नाही, हा प्रश्न मात्र एका नियमाने सुटत नाही. आकडा, तारीख, पद किंवा गावाचे नाव चुकले असेल तर तो छापल्याशिवाय दुरुस्ती समजत नाही. एखाद्यावर खोटा आरोप छापला गेला असेल तर तपशिलासह त्याची पुनरुक्ती केल्याने बदनामी दुसऱ्यांदा होते; तेव्हा ‘त्यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल झालेला नाही’ असे खरे तेवढेच स्पष्ट सांगावे.

जागेचा प्रश्नही आहेच. लंडनच्या ‘द गार्डियन’ने १९९७ मध्ये आणि भारतात ‘द हिंदू’ने २००६ मध्ये वाचकांच्या तक्रारी पाहणारा वाचक-संपादक नेमला आणि दुरुस्त्यांना ठरावीक जागा दिली, त्यामुळे त्या कुठे शोधायच्या हे वाचकाला माहीत झाले. जिल्हावार आवृत्त्या काढणाऱ्या मराठी दैनिकांत, जिथे चूक छापली त्या प्रत्येक आवृत्तीत दुरुस्ती जाते आहे ना, हे पाहावे लागते. सातारा आणि सांगली या दोन्ही आवृत्त्यांत गेलेली चूक फक्त सातारा आवृत्तीत दुरुस्त केली, तर सांगलीच्या वाचकासाठी २१,००० हाच आकडा कायम राहतो. संकेतस्थळावर मजकूर गुपचूप बदलू नये. बातमीतच काय बदलले आणि केव्हा, याची नोंद ठेवावी, कारण जुन्या बातमीचे कात्रण तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते आणि ते पाहून मूळ पानावर आलेल्या वाचकाला दोन आकड्यांतला खरा कोणता, हे त्या नोंदीवरूनच कळू शकते.