फोन आडवा केला, तर अर्ध्यावरच्या विनंतीचे काय होते?

मोबाइल ॲप बनवणाऱ्या अभियंत्यांच्या मुलाखतीत ॲपचे जीवनचक्र, मेमरी लीक आणि कमकुवत नेटवर्क हे तीन विषय बहुधा स्वतंत्रपणे विचारले जातात. उमेदवारही त्यांची तीन स्वतंत्र उत्तरे पाठ करून येतात. प्रत्यक्षात हे तिन्ही विषय एकाच प्रश्नात गुंतलेले असतात. समजा, घाटातून जाणाऱ्या रेल्वेगाडीत एका प्रवाशाने अँड्रॉइड फोनवर तिकिटांचे ॲप उघडले आहे. गाड्यांची यादी मागणारी विनंती सर्व्हरकडे गेली आहे, उत्तर अजून आलेले नाही, आणि तेवढ्यात त्याने फोन आडवा केला. तर पुढे काय होईल?

अँड्रॉइडमध्ये ॲपच्या एका स्क्रीनमागे ‘ॲक्टिव्हिटी’ नावाचा एक ऑब्जेक्ट असतो. फोन आडवा केला की तीच स्क्रीन नुसती फिरवली जाते, असा सर्वसाधारण समज असतो. मात्र, अभियंत्याने वेगळी व्यवस्था केली नसेल, तर यंत्रणा जुनी ॲक्टिव्हिटी संपवते आणि तिच्या जागी नवी निर्माण करते. आडव्या स्क्रीनसाठी `layout-land` या फोल्डरमध्ये निराळी मांडणी ठेवलेली असू शकते, आणि ती वाचायची तर सगळी उभारणी पुन्हा करणे हाच यंत्रणेला सोपा मार्ग वाटतो. त्या वेळी पुढील क्रमाने सूचना येतात. पहिली ओळ जुन्या ॲक्टिव्हिटीची आहे आणि दुसरी नव्या ॲक्टिव्हिटीची.

```
onPause → onStop → onDestroy
onCreate → onStart → onResume
```

यावर स्क्रीन उभीच राहील असे बंधन घालण्याचा उपाय अनेक उमेदवार सुचवतात. मला ती पळवाट वाटते, कारण डार्क मोड सुरू केला, फोनची भाषा बदलली किंवा घडीचा फोन उघडला, तरीही हीच पुनर्निर्मिती होऊ शकते. शिवाय अँड्रॉइड 16 ला लक्ष्य करणाऱ्या ॲपांचे असे बंधन टॅब्लेटसारख्या मोठ्या स्क्रीनवर यंत्रणा मानतच नाही.

आता विनंतीकडे वळू. `onDestroy` झाले म्हणून नेटवर्कवरची विनंती आपोआप थांबत नाही. ती निराळ्या थ्रेडवर चालू असते, आणि उत्तर आल्यावर काय करायचे हे सांगणारा कोडचा तुकडा, म्हणजे कॉलबॅक, तिच्यासोबत असतो. हा कॉलबॅक ॲक्टिव्हिटीच्या आतच लिहिलेला असेल आणि तिच्यातली यादी भरणार असेल, तर तो त्या ॲक्टिव्हिटीचा संदर्भ जवळ बाळगतो. अँड्रॉइडची कचरासंकलन व्यवस्था, म्हणजे गार्बेज कलेक्टर, चालू थ्रेड आणि स्थिर चलांसारख्या मुळांपासून सुरुवात करते आणि संदर्भांच्या साखळीने जिथवर पोहोचता येते ते सर्व जिवंत मानते. थ्रेडकडून विनंती, विनंतीकडून कॉलबॅक आणि कॉलबॅककडून ॲक्टिव्हिटी अशी साखळी अखंड असल्यामुळे, प्रवाशाला पुन्हा कधीच न दिसणारी ती जुनी स्क्रीन मेमरीत पडून राहते. मेमरी लीक म्हणतात ते हेच.

तिच्यासोबत तिची बटणे आणि चित्रेही अडकून राहतात. 1080 × 2400 पिक्सेलचे एक पूर्ण स्क्रीनभर चित्र, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट धरले, तर सुमारे 10 मेगाबाइट जागा व्यापते. कंटाळलेल्या प्रवाशाने फोन चार वेळा फिरवला, तर चार मृत स्क्रीन साचतात. प्रत्येक नवी ॲक्टिव्हिटी पुन्हा यादी मागवत असेल, तर आधीच रडतखडत चाललेल्या जोडणीवर एकाऐवजी पाच विनंत्यांचा भार पडतो.

हा दोष कार्यालयात सापडत नाही, आणि याचे कारण नेटवर्कमध्ये आहे. चांगल्या वायफायवर उत्तर काही शे मिलिसेकंदांत येते, साखळी तुटते आणि जुनी ॲक्टिव्हिटी साफ होते. लीक शोधणारे ‘लीककॅनरी’ हे साधन `onDestroy` नंतर 5 सेकंद वाट पाहते आणि तरीही ऑब्जेक्ट मोकळा झाला नसेल, तरच तो संशयित ठरवते. त्यामुळे जलद नेटवर्कवर तेही गप्प राहते. म्हणून चाचणी मुद्दाम संथ नेटवर्कवर घ्यावी लागते. एम्युलेटरला त्यासाठी असा आदेश देता येतो:

```
emulator -avd Test -netspeed edge -netdelay edge
```

विनंतीला कालमर्यादा असतेच, मग लीक फार काळ कसा टिकेल, अशी शंका येईल. अँड्रॉइडवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ओकेएचटीटीपी’ या लायब्ररीत वाचनाची मर्यादा मुळात 10 सेकंद असते, पण ती संपूर्ण उत्तराची नसून दोन वाचनांमधल्या शांततेची असते. दर आठ सेकंदांनी चार बाइट टपकत राहिले, तर ही मर्यादा कधीच ओलांडली जात नाही. संपूर्ण विनंतीसाठी `callTimeout` ही वेगळी मर्यादा आहे. ती आपण ठरवली नाही, तर नसतेच. घाटात जोडणी पूर्ण तुटण्यापेक्षा अशी रेंगाळणारी जोडणी अधिक त्रासदायक ठरते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे विनंतीची मालकी ॲक्टिव्हिटीकडून काढून `ViewModel` कडे देणे. गूगलने 2017 मध्ये आणलेला हा घटक फोन फिरवल्यावरही टिकतो. नवी ॲक्टिव्हिटी येऊन त्याच्याशी जोडली जाते, विनंती एकच राहते, आणि प्रवासी ती स्क्रीन खरोखर सोडून गेला की `viewModelScope` मधले काम रद्द होते. मात्र `ViewModel` ने ॲक्टिव्हिटीचा संदर्भ स्वतःकडे ठेवला, तर जुनाच लीक नव्या घरी राहायला येतो. आयफोनवर स्क्रीन फिरवल्याने असा संहार होत नाही. तिथे संदर्भांची मोजणी होते, आणि दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले की लीक होतो, म्हणून क्लोजरमध्ये `[weak self]` लिहिण्याची पद्धत आहे.

चांगला मुलाखतकार इथे थांबत नाही. समजा, प्रवाशाने आता तिकीट आरक्षित करण्याचे बटण दाबले आणि लगेच फोन आला म्हणून तो दुसऱ्या ॲपमध्ये गेला. मेमरी कमी पडल्यास अँड्रॉइड मागे पडलेल्या ॲपची संपूर्ण प्रक्रियाच बंद करते. तेव्हा `onDestroy` येईलच याची हमी नसते आणि `ViewModel` सुद्धा नाहीसा होतो. ॲप पार्श्वभूमीत नेऊन `adb shell am kill` या आदेशापुढे पॅकेजचे नाव दिले, की हा प्रसंग मुद्दाम घडवता येतो.

प्रवासी परत येतो तेव्हा ॲपला आरक्षण झाले की नाही हे ठाऊक नसते. विनंती जाताना हरवली असेल किंवा उत्तर येताना हरवले असेल. फोनच्या बाजूने या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. यादी पुन्हा मागवली तर काही बिघडत नाही, पण आरक्षणाची विनंती डोळे झाकून पुन्हा पाठवली, तर दोन तिकिटे निघू शकतात. म्हणून बटण दाबताक्षणी, विनंती पाठवण्याच्या आधी, ॲपने एक अद्वितीय क्रमांक तयार करून तो फोनच्या डेटाबेसमध्ये लिहायचा आणि प्रत्येक प्रयत्नासोबत तोच पाठवायचा. तो क्रमांक आधी आलेला असेल, तर सर्व्हरने नवे तिकीट न काढता पहिल्याच तिकिटाचा तपशील परत द्यायचा. हे सर्व्हरच्या बाजूने मान्य झालेले नसेल, तर फोनवरचा कितीही काटेकोर कोड दुसरे तिकीट निघण्याची शक्यता पूर्णपणे टाळू शकत नाही.