सोनं की घर? कुलूपबंद घराचा हिशोब आधी करा

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा प्रश्न एकच असतो, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी पैसा ठेवायचा आहे, सोनं घेऊ का घर? आणि बोलणं सुरू होतं ते भावावरून, म्हणजे अमक्याने घर एवढ्याला घेतलं आणि आता एवढं झालं, सोनं तेव्हा किती होतं आणि आज किती. पण नुसत्या भावावरून ही तुलना होतच नाही, कारण घराची अर्धी कमाई भावात दिसत नाही आणि घराचा बराचसा खर्चही भावात दिसत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी भाड्याचं बघू

सोनं काही कमवत नाही. शंभर ग्रॅम ठेवलं तर वीस वर्षांनी पण शंभर ग्रॅमच असतं, वाढला तर फक्त भाव. घर मात्र दर महिन्याला भाडं देऊ शकतं. 1870 ते 2015 या काळातल्या 16 प्रगत देशांच्या आकड्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात घरांचा रिटर्न महागाई वजा करून वर्षाला साधारण 7 टक्के निघाला, आणि त्यातला साधारण निम्मा भाड्याचा होता. हा आकडा ऐकून लोक खूश होतात आणि घर घेऊन कुलूप लावून ठेवतात, तिथेच गणित फिरतं.

एक हिशोब मांडू, आकडे आम्ही समजायला सोपे म्हणून धरलेत. तुमच्याकडे 106 आहेत. घराची किंमत 100 आणि कागदपत्रं, नोंदणी, दलाली यात 6 गेले. घराचा भाव वर्षाला 4 टक्के वाढतो, म्हणजे वीस वर्षांनी 219. विकताना 3 टक्के खर्च, हातात 212. भाडं किंमतीच्या साडेतीन टक्के, वर्षातला एक महिना घर रिकामं धरलं तर 3.2, त्यातून दुरुस्ती, कर आणि विमा मिळून दीड टक्का गेला, उरलं 1.7 टक्के. घराची किंमत वाढते तसं भाडंही वाढतं म्हणून वीस वर्षांत हे निव्वळ भाडं साधारण 51 होतं (ते कुठेही न गुंतवता). एकूण 263.

आता तेच 106 नाण्यात किंवा बिस्किटात घातले आणि सोन्याचा भावही 4 टक्क्यांनीच वाढला असं धरू. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक 3 टक्के कापला की वीस वर्षांनी साधारण 225.

म्हणजे भाव अगदी सारखा वाढूनही घर पुढे, ते केवळ भाड्यामुळे. आता तेच घर बंद ठेवा. भाडं शून्य, पण दुरुस्ती, कर, विमा चालूच, ते वीस वर्षांत साधारण 45. 212 मधून 45 गेले, उरले 167. सोन्याच्या 225 समोर 167! बंद घर म्हणजे राखायला दर वर्षी पैसे मागणारं सोनंच झालं, आणि "मुलांसाठी ठेवलंय" म्हणून कुलूप लावलेली घरं आम्ही इतकी बघतो की हे सांगताना खरंच जीव तुटतो.

सोन्यातही हाच प्रकार एका जागी होतो, तो म्हणजे दागिन्यात. घडणावळ विकताना परत मिळत नाही, म्हणून वर धरलेला 3 टक्क्यांचा फरक दागिन्याला लागू नाही, तिथे तो बराच मोठा असतो. दागिना अंगावर घालायला घ्या, त्याला गुंतवणुकीत मोजू नका.

सोन्याचा रिटर्न कुठून मोजता?

1971 पर्यंत सोन्याचा अधिकृत भाव औंसाला 35 डॉलर होता, त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. 2024 अखेर भाव साधारण 2,600 डॉलर. तिथून मोजलं तर वर्षाला साडेआठ टक्क्यांच्या आसपास. पण जानेवारी 1980 मध्ये भाव 850 ला पोचला होता, त्या टोकाला कोणी घेतलं असेल तर त्याच 2024 अखेरपर्यंत वर्षाला अडीच टक्के. आणि त्याला नुसता 850 चा आकडा परत दिसायला 2008 उजाडलं, महागाईचं तर सोडाच. म्हणून "सोनं कधी पडत नाही" हे खरं नाही. 2011 मधल्या साधारण 1,900 वरून 2015 अखेरीस ते 1,050 च्या जवळ आलं होतं.

घरंही पडतात, जपानमधल्या शहरी जमिनींचे भाव 1991 नंतर दहा वर्षांहून जास्त काळ घसरत राहिले. फक्त घराचा भाव रोज स्क्रीनवर येत नाही म्हणून ते पडलेलं जाणवत नाही. मंदीत आधी गिऱ्हाईक गायब होतं, भाव नंतर उतरतो. त्यामुळे शेजारच्याने सांगितलेला भाव धरून बसू नका, तुमच्या आसपास गेल्या सहा महिन्यांत खरोखर विकली गेलेली घरं किती आणि ती विकायला किती महिने लागले हे विचारा.

अडीनडीला काय होतं

लिक्विडिटी म्हणजे फक्त किती दिवसात विकलं जातं एवढंच नाही, हवा तेवढाच तुकडा विकता येतो का हे पण त्यात येतं. वरच्याच हिशोबात बाराव्या वर्षी घरात मोठं आजारपण आलं आणि 20 लागले. सोनं असेल तर तेवढं वजन एक-दोन दिवसात विकलं, बाकीचं जागेवर. घराची एक खोली विकता येत नाही. तेव्हा घराची किंमत 160 झालेली असते, पण महिन्याभरात पैसे हवेत म्हटल्यावर गिऱ्हाईक 15 टक्के पाडून मागतं, 136, त्यात विक्रीचा खर्च 4. म्हणजे 20 ची गरज भागवायला 28 गमावले.

यावर लोक म्हणतात घर तारण ठेवून कर्ज काढू. निघतं, पण मालकीची कागदपत्रं साफ हवीत, सगळ्या सहमालकांच्या सह्या हव्यात, मूल्यांकन व्हायला हवं, यात आठवडे जातात. आणि वडिलांच्या पश्चात घर चार भावंडांच्या नावावर आलं असेल आणि एकजण परदेशात असेल तर ते आठवडे कुठपर्यंत लांबतील सांगता येत नाही. सोनं चौघांत वजनावर वाटता येतं.

सोन्याची मर्यादा अशी की विकलं लगेच जातं, पण त्या दिवशीच्या भावाला. 2008 च्या संकटात सगळ्यांनाच रोख हवी होती तेव्हा सोनंसुद्धा मार्चमधल्या साधारण 1,000 डॉलरवरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 700 च्या जवळ आलं. तरी गिऱ्हाईक होतं, घरांना ते नव्हतं.

आमचं मत असं, की भाडं नक्की येणार असेल आणि वीस वर्षं हात लावायची गरज नसेल तर मोठा हिस्सा घरात असू द्या, पण त्याआधी घरच्या किमान एक वर्षाच्या खर्चाइतकं सोनं किंवा रोख बाजूला असलंच पाहिजे, नाहीतर पहिल्याच अडचणीला घर पडत्या भावात जातं. आणि भाडेकरू ठेवायचा नसेल, तर दुसरं घर घेऊ नका.

भेटायला येताना घराचं गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष हातात आलेलं भाडं, कर आणि दुरुस्तीच्या पावत्या, आणि सोन्याचं दागिने वगळून वजन एवढं लिहून आणा, हाच हिशोब तुमच्या आकड्यांवर समोर बसून करू.