भ्रामरीनं नायट्रिक ऑक्साईड तयार होतं का नुसतं बाहेर पडतं?

सकाळी आमच्या योगाच्या ग्रुपवर मेसेज आला, "भ्रामरी करा, शरीरात नायट्रिक ऑक्साईड १५ पट तयार होतं!" आकडा खरा आहे बरं का, पण "तयार होतं" हा शब्द चुकलाय आणि सगळा घोळ तिथंच आहे.

आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची पेवं आठवा. जमिनीत मोठी पोकळी, वर तोंड एवढंसं. बंद पेवात हवा कोंडून राहते, म्हणून झाकण काढलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही, आधी कोंडलेलं सगळं बाहेर जाऊ द्यायचे. नाकाशेजारचे सायनस असेच, गालाच्या हाडात नि कपाळात पोकळ्या आणि नाकात उघडणारं बारीक भोक. त्यांच्या आतल्या अस्तरातलं एक एन्झाइम नायट्रिक ऑक्साईड वायू सतत बनवत असतं, तुम्ही भ्रामरीत गुणगुणा नाहीतर झोपा, त्याला काही फरक पडत नाही.

शांत श्वासात हा वायू हळूहळू झिरपत नाकात येतो. गुणगुणलं की आवाजानं नाकातली हवा थरथरते, त्या भोकातनं आत-बाहेर ढकलाढकली होते आणि साठलेला माल एकदम बाहेर. स्टॉकहोममधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये हे मोजलं, नाकातनं शांतपणे सोडलेल्या श्वासापेक्षा गुणगुणत सोडलेल्या श्वासात सुमारे १५ पट वायू.

आता साठा बाहेर पडतोय का नवा बनतोय, हे कळायचं कसं? लागोपाठ गुणगुणून बघितलं तर पहिल्या वेळी मोठी उसळी येते, मग दुसऱ्या, तिसऱ्या वेळी ती कमी कमी होत जाते, आणि तीनेक मिनिटं गप्प बसलं की पुन्हा पहिल्यासारखी. गुणगुणण्यानं वायू बनत असता तर अशी उतरण लागलीच नसती, हे तर पेव रिकामं होऊन परत भरल्यासारखं झालं. म्हणजे लागोपाठ २१ आवर्तनं केली म्हणून २१ वेळा १५ पट असा हिशेब नाही हो!

सायनसचं भोकच बुजलं असेल तर? नाकात मोठे पॉलिप, म्हणजे मऊ गाठी, असलेल्या पेशंटांमध्ये ही उसळी दिसतच नाही. आमच्या काकू सर्दीनं गच्च झालेल्या नाकानं ग्रुपवर सांगत होत्या "आज डबल केलं", तर काकू, आवाज डबल झाला असंल, वायूचं मात्र सांगता येत नाही.

आणि एक गंमत लोक विसरतात. भ्रामरीत आपण गुणगुणतो श्वास सोडताना, म्हणजे तो १५ पटवाला वायू नाकातनं बाहेरच चाललाय, फुफ्फुसात नाही. पुढच्या श्वासाबरोबर थोडाफार आत जात असेलही, पण मोजलाय तो बाहेर पडलेला. त्यावरनं "बीपी उतरतं, जंतू मरतात" इथवर उडी मारणं म्हणजे जरा जास्तच. रोज तासभर जोरात गुणगुणून चार दिवसांत जुनी सायनसची तक्रार गेली असा एक रिपोर्ट फिरतो, तो एकाच माणसाचा आहे.

भ्रामरीनंतर शांत वाटतं ते मलाही वाटतं, पण लांब, सावकाश सोडलेल्या श्वासानंही तसं वाटतंच, त्याचं श्रेय लगेच या वायूला द्यायला मी तयार नाही.