मापनाची प्रमाण त्रुटी

एकाच विद्यार्थ्याने समान काठिण्याच्या अनेक प्रश्नपत्रिका सोडवल्या, तर त्याचे गुण दर वेळी थोडे वरखाली होतील. या चढउताराचा सरासरी आवाका म्हणजे मापनाची प्रमाण त्रुटी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 पासून मांडलेल्या विचारानुसार मिळालेला गुण म्हणजे खरा गुण अधिक त्रुटी. खरा गुण कधीच दिसत नाही; दिसतो तो मिळालेला गुण. येथे ‘त्रुटी’ म्हणजे तपासनीसाची चूक नव्हे. नेमके कोणते प्रश्न आले, अंदाजाने लिहिलेले किती बरोबर आले, त्या दिवशी झोप किती झाली, हे सारे तिच्यात येते.

प्रत्येकाला पुन्हा पुन्हा परीक्षेला बसवता येत नाही, म्हणून ही त्रुटी सगळ्या गटाच्या गुणांवरून काढतात:

SEM = SD × √(1 − r)

SEM म्हणजे ही त्रुटी, SD म्हणजे गटातील गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, आणि r म्हणजे चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यास गुण कितपत जुळतील हे 0 ते 1 मध्ये सांगणारा आकडा. समजा, 100 गुणांच्या गणिताच्या चाचणीत प्रमाण विचलन 15 आणि विश्वसनीयता 0.91 आहे. 1 मधून 0.91 वजा करता 0.09 उरतात, त्यांचे वर्गमूळ 0.3, म्हणून त्रुटी 4.5 गुण. 0.91 ही चांगली विश्वसनीयता मानतात, तरीही त्रुटी एवढी येते.

या चाचणीत 62 गुण मिळवणाऱ्या मुलीचा गुण दोन्ही बाजूंना एकेक त्रुटी धरून 57.5 ते 66.5 असा पट्टा म्हणून वाचावा. अशा रीतीने आखलेल्या पट्ट्यांपैकी सुमारे 68 टक्के पट्ट्यांत खरा गुण सापडतो. 95 टक्के हवे असतील तर पट्टा दुपटीच्या जवळ नेऊन 53 ते 71 धरावा लागतो. प्रथम श्रेणीची रेषा 60 वर असेल, तर ती दोन्ही पट्ट्यांतून जाते. तिचा खरा गुण रेषेच्या वर आहे की खाली, हे या एका चाचणीवरून ठरत नाही.

दोन विद्यार्थ्यांची तुलना करताना दोघांच्याही त्रुटी मोजाव्या लागतात. फरकाची त्रुटी 4.5 गुणिले √2, म्हणजे सुमारे 6.4. शेजारच्या मुलाला 67 मिळाले म्हणून तो पुढे, असे म्हणायला पाच गुणांचा फरक तोकडा आहे. 95 टक्के खात्रीसाठी साधारण साडेबारा गुणांचे अंतर लागेल. गुणवत्ता यादीतील अर्ध्या गुणाच्या अंतरावर जागा ठरवणे नियमाने भाग असेलही, पण त्यातून गुणवत्तेचा फरक सिद्ध होत नाही.

हे सूत्र सर्वांना एकच त्रुटी लावते. प्रत्यक्षात ती प्रमाणपट्टीवर जागोजागी वेगळी असते: सोप्या प्रश्नांच्या चाचणीत हुशार मुलांमधला फरक टिपणारे प्रश्नच कमी असतात. विश्वसनीयता कशी काढली हेही पाहावे. एकाच बैठकीतील प्रश्नांच्या परस्परसंबंधावरून काढलेल्या आकड्यात दिवसादिवसांतला बदल येत नाही, निबंध दुसऱ्या परीक्षकाने तपासला असता तर पडला असता तो फरकही येत नाही. त्यामुळे पट्टा वाजवीपेक्षा अरुंद दिसतो. प्रश्नाच्या सदोष भाषांतरामुळे एका माध्यमाच्या सगळ्याच मुलांचे गुण घटले, तर ती एकाच दिशेची चूक असते. पट्टा कितीही रुंद केला तरी त्याचा मध्यच सरकलेला राहतो.