नमुना तपासणी (लेखापरीक्षण)

मोठ्या खतावणीतील सर्व नोंदी न तपासता त्यांतील काही नोंदी नियमाने निवडून तपासणे आणि त्यांत आढळलेल्या चुकांवरून संपूर्ण खतावणीच्या चूकदराचा अंदाज मांडणे. व्यवहारात हिला ‘टेस्ट चेक’ म्हणतात. तरी दोन्हींत भेद करणे इष्ट होय. टेस्ट चेकमध्ये कोणती व्हाउचरे काढायची हे हिशेबतपासनीस स्वतःच्या अनुभवाने ठरवतो. सांख्यिकीय नमुन्यात प्रत्येक नोंदीला निवडले जाण्याची ठाऊक असलेली संधी मिळते, आणि या दुसऱ्या प्रकारातच चूकदराला काही गणिती आधार राहतो.

उगम : निवडक तपासणीची पद्धत इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली असावी. लॉरेन्स डिक्सी यांच्या १८९२ च्या पाठ्यग्रंथाच्या सुमारास ती व्यवसायात परिचित होती, असे मानण्यास हरकत नाही. संभाव्यतेच्या गणिताशी तिची सांगड घालण्याचा पहिला प्रयत्न सामान्यतः लुइस कार्मन यांच्या १९३३ मधील लेखापर्यंत मागे नेला जातो.

अधिक वादाचा प्रश्न रुपयानुसार निवडीच्या पद्धतीचा आहे. या पद्धतीत नोंद नव्हे, तर रुपया हे एकक धरतात. नोंदींच्या रकमांची चढती बेरीज करत जायचे आणि निवडलेला रुपया ज्या नोंदीत पडेल ती नोंद तपासायची. त्यामुळे मोठ्या रकमेची नोंद सापडण्याची शक्यता रकमेच्या प्रमाणात वाढते. अमेरिकी लेखनात तिचे श्रेय हॅस्किन्स अँड सेल्स या संस्थेतील केनेथ स्ट्रिंगर यांना देतात. त्यांनी संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टीफन यांच्या साहाय्याने ती विकसित केली व १९६३ मध्ये मांडली. डच अभ्यासक मात्र व्हॅन हेर्डेन यांच्या १९६१ मधील लेखाकडे बोट दाखवतात. दोघांनी स्वतंत्रपणे विचार केला असणे शक्य आहे. छापील अग्रक्रम व्हॅन हेर्डेन यांच्याकडे जातो आणि प्रसाराचे श्रेय स्ट्रिंगर यांच्याकडे, ही विभागणी अधिक सयुक्तिक वाटते. आकारमानाच्या प्रमाणात निवड करण्याची मूळ कल्पना याहून जुनी असून हॅन्सन व हर्विट्झ यांनी १९४३ मध्येच तिचे गणित मांडले होते.

भारतात सनदी लेखापाल संस्थेचे ‘एसए ५३०’ हे मानक या विषयास लागू आहे. त्याचे सुधारित रूप १ एप्रिल २००९ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींच्या लेखापरीक्षणास लागू झाले. ते सांख्यिकीय आणि अनुभवाधारित अशा दोन्ही पद्धतींना मुभा देते.

उदाहरण : परळ-लालबाग भागातील एखादी पतपेढी कल्पावी. तिचे २० पिग्मी एजंट दुकानादुकानांतून दैनंदिन ठेव गोळा करतात. (पिग्मी योजनेचा उगम १९२८ च्या सुमारास उडुपीत झाला.) रोज संध्याकाळी प्रत्येक एजंटाच्या भरण्याची एक ओळ खतावणीत चढते, नेहमी एजंट क्रमांक १ ते २० याच क्रमाने. एजंट रजेवर असला तरी त्याच्या नावापुढे शून्य लिहून ओळ भरतात. कामाचे दिवस ३०० धरले, तर वर्षाच्या ओळी ६,००० होतात. त्यांतून १५० ओळी तपासायच्या आहेत.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दर चाळिसावी ओळ घेणे. सुरुवात तेराव्या ओळीपासून केली, तर पुढे ५३, ९३, १३३ अशा ओळी येतात. चाळीस ही विसाची पट असल्याने या सगळ्या ओळी एजंट क्रमांक १३ च्याच निघतात. दीडशे व्हाउचरांवर हिरव्या शाईच्या खुणा होतात, आणि उरलेल्या १९ एजंटांच्या ५,७०० ओळींना हातही लागत नाही. हा दोष ओळखणे अवघड नाही. निवडलेल्या ओळी एजंटवार मोजून पाहाव्यात. प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ ओळी यायला हव्यात. अंतर ३७ ठेवले तर निवड सर्व एजंटांतून फिरते, पण यादृच्छिक क्रमांक घेणे अधिक निर्धोक.

```
=RANDBETWEEN(1,6000)
```

एक्सेलमधील हे सूत्र १५० खान्यांत उतरवल्यास साधारण दोन क्रमांक दुबार येतात, म्हणून थोडे जास्त काढून दुबार आलेले गाळावेत. शीटमध्ये काहीही बदल झाला की क्रमांक पुन्हा नवे होतात. त्यामुळे यादी लगेच केवळ मूल्ये म्हणून चिकटवून तारखेसह कार्यपत्रात ठेवावी. अन्यथा नकोशी ओळ आली की यादी बदलली, या आक्षेपाला उत्तर उरत नाही.

चूक कशाला म्हणायचे, हे तपासणीपूर्वीच लिहून ठेवणे आवश्यक असते. येथे एजंटाची भरणा स्लिप आणि खतावणीतील ओळ यांची रक्कम किंवा तारीख न जुळणे ही चूक धरू. स्लिप सापडलीच नाही तर तीही चूक. ‘फाइल गोदामात आहे, दुसरी ओळ घ्या’ ही सूचना मान्य केली की नमुना तिथेच बिघडतो, कारण सापडत नाहीत ती कागदपत्रे बहुधा तपासायलाच हवी अशी असतात. दुसरी ओळ घेण्यास आधार तेव्हाच, जेव्हा मूळ नोंद रीतसर रद्द झाल्याचा पुरावा हाती असेल.

समजा, १५० पैकी ६ ओळी चुकीच्या निघाल्या. नमुन्याचा चूकदर ४ टक्के झाला. पतपेढीने ५ टक्क्यांपर्यंतची चूक सहनीय धरली असल्यास ‘४ टक्के, म्हणून समाधानकारक’ असा शेरा मारण्याचा मोह होतो, आणि तो शेरा चुकीचा आहे. इतक्या लहान नमुन्यात ६ चुका आढळल्या असता संपूर्ण खतावणीचा चूकदर, ९५ टक्के विश्वासपातळीवर, पावणेआठ टक्क्यांच्या आसपासपर्यंत असू शकतो. ही वरची मर्यादा सहनीय दरापलीकडे जाते. एकही चूक सापडली नसती तरी ही मर्यादा शून्यावर आली नसती, सुमारे २ टक्के राहिली असती (३ भागिले १५०, असा ढोबळ नियम आहे). म्हणून अहवालातील वाक्य असे असावे : ‘६,००० ओळींतून यादृच्छिक पद्धतीने १५० निवडल्या, ६ चुकीच्या आढळल्या, अंदाजित चूकदर ४ टक्के, ९५ टक्के विश्वासपातळीवर वरची मर्यादा सुमारे ७.७ टक्के.’

या सहांपैकी पाच चुका एकाच एजंटाच्या असतील, तर त्याच्या उरलेल्या सर्व ओळी स्वतंत्रपणे तपासणे योग्य. मात्र त्या जादा तपासणीतील चुका वरील ६ मध्ये मिळवू नयेत. त्या ओळी संशयावरून निवडलेल्या असतात, यादृच्छिक नव्हे, आणि बेरीज केल्यास दर अवास्तव फुगतो. त्याउलट ‘तो एजंट आता कामावर नाही’ म्हणून त्या पाच चुका दरातून वगळण्याची प्रथाही समर्थनीय नाही. तपासणीच्या वर्षात तो कामावर होता.

मर्यादा : याच खतावणीवर रुपयानुसार निवड केली, तर शून्याच्या ओळी कधीच निवडल्या जात नाहीत. एजंटाने दिवसभर पैसे गोळा करून पतपेढीत शून्य दाखवले असेल, तर तो प्रकार नेमका त्या ओळींत दडलेला असतो. ओळीनुसार निवडीत शून्याची ओळ हाती येते, पण जुळवायला स्लिपच नसते. ती रजेची आहे की दडवलेल्या पैशांची, हे खतावणीवरून कळत नाही. अशा चोरीसाठी नमुना खतावणीतून नव्हे, खातेदारांच्या यादीतून घ्यावा लागतो. निवडलेल्या खातेदाराच्या दुकानात जाऊन त्याच्या पासबुकातील प्रत्येक हप्ता खतावणीशी ताडून पाहावा लागतो, आणि पासबुके एजंटामार्फत मागवता येत नाहीत.